लांब करारनामा आणि मधलं हरवलेलं कलम : सूचना वर लिहायच्या की खाली?

तळजाई_सुलभा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. आमची सहकारनगरमधली सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. सभासद २४, मी सचिव. विकासकाकडून करारनाम्याचा मसुदा आलाय, ९४ पानं, सगळा इंग्रजीत. निम्म्याहून जास्त सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना मराठीत दोन पानांत कळावं की भाडं किती, किती महिने, पार्किंग कसं आणि उशीर झाला तर काय. म्हणून मी एका एआय चॅटला पूर्ण मजकूर दिला.

आधी वर ११ सूचना लिहिल्या : फक्त करारातलंच सांग, प्रत्येक उत्तराला कलम क्रमांक दे, कलम नसेल तर 'उल्लेख नाही' असं लिही, वगैरे. त्याखाली ९४ पानं चिकटवली. उत्तर छान मराठीत आलं. भाड्याबद्दल म्हणे, 'नव्या सदनिकेचा ताबा मिळेपर्यंत दरमहा भाडे मिळेल.'

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पेन्सिल घेऊन अख्खा मसुदा वाचलाय. ते म्हणाले, पान ५२ बघ. तिथे कलम ३१(४) आहे : भरपाई घर रिकामं केल्यापासून जास्तीत जास्त २४ महिनेच. पान ९ वरच्या कलम ८ मध्ये 'ताबा मिळेपर्यंत' आहे खरं, पण त्यापुढे 'कलम ३१ च्या अधीन राहून' असं लिहिलंय. शेवटच्या परिशिष्टात भाड्याचे आकडे आहेत. म्हणजे सुरुवात आणि शेवट त्याने बरोबर उचलला आणि मधला अपवाद सोडून दिला. कलम क्रमांक द्यायची सूचनाही पहिल्या चार-पाच उत्तरांपुरतीच पाळली.

नंतर फक्त पान ५२ दिलं आणि तोच प्रश्न विचारला, तेव्हा अचूक सांगितलं. म्हणजे इंग्रजी कळत नाही अशातला भाग नाही. मग माझ्या मांडणीत काय चुकतंय? सूचना कुठे लिहायच्या? महत्त्वाचं कलम कुठे ठेवायचं?

---

उदय_पर्वती | सोमवार, रात्री १०:०५

सुलभाताई, हे असले प्रयोग करण्याआधी सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय वाचा आणि सोसायटीच्या वकिलांकडून मसुदा तपासून घ्या. आमच्याकडे घाईत सह्या झाल्या, नंतर फार मनस्ताप झाला. २४ महिन्यांची मर्यादा असेल तर सह्या करू नका, एवढंच सांगतो.

---

तळजाई_सुलभा | सोमवार, रात्री १०:१८

उदयकाका, वकील आहेत आणि त्यांचं काम चालू आहे. सही एवढ्यात नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. सभासदांच्या हातात जाणारा कागद मी तयार करतेय, आणि त्यात एक चुकीचं वाक्य गेलं तरी माणसं त्यावर विसंबतील. त्यामुळे हे यंत्र मजकुराचा कुठला भाग सोडतं, ते मला कळायला हवं.

---

विक्रांत_बाणेर | सोमवार, रात्री १०:५१

मधलं विसरण्याचा प्रश्न जुन्या मॉडेलचा होता. आताची मॉडेलं लाखो टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, एका दमात घेतात, तुमची ९४ पानं म्हणजे किरकोळ. तुम्ही सूचना जास्त दिल्यात. सूचना वरच ठेवा, पण थोड्या ठेवा आणि 'अत्यंत महत्त्वाचे' असं ठळक लिहा. वरचं ते कधी विसरत नाही. आम्ही ऑफिसात असंच करतो.

---

पाषाणकर | मंगळवार, सकाळी ७:३०

गेली काही वर्षं लांब कागदपत्रांवर प्रश्नोत्तरं करणाऱ्या प्रणाल्यांवर काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सुलभाताई, मांडणी बदलण्याआधी एक खात्री करून घ्या : पान ५२ त्याच्यापर्यंत पोचलं होतं का? मजकूर चिकटवला होता की पीडीएफ चढवली होती? फाईल चढवली की काही साधनं अख्खा मजकूर मॉडेलला देतच नाहीत. प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून तेवढेच देतात. शिवाय पानं स्कॅन केलेली असतील तर तिथे अक्षरंच नसतात. दोन्ही वेळा चूक 'मधलं विसरलं' अशीच दिसते, पण कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

ओळखायला सोपं आहे. त्याच संभाषणात सांगा : 'कलम ३१(४) जसंच्या तसं, शब्द न बदलता उतरवून दे.' तंतोतंत उतरवलं तर मजकूर पोचला होता, पण तुमच्या प्रश्नाच्या वेळी त्याकडे लक्ष गेलं नाही. भलतंच काही उतरवलं किंवा सापडत नाही म्हणाला, तर तो पोचलाच नसण्याची शक्यता मोठी. असं चार-पाच वेगवेगळ्या पानांवर करून बघा.

विक्रांत, किती टोकन मावतात आणि मावलेल्यातलं किती नीट वापरलं जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोदामात पोतं ठेवायला जागा आहे म्हणजे हवं ते पोतं चटकन हाती लागेलच असं नाही. नव्या मॉडेलांत हा खड्डा उथळ झालाय हे मान्य, पण बुजलेला नाही.

---

गौरी_भाषांतर | मंगळवार, सकाळी ११:१२

माझा अनुभव लिहू का? कराराशी संबंध नाही, पण असंच काहीतरी आहे. मी तांत्रिक पुस्तिकांचं भाषांतर करते. संभाषणाच्या सुरुवातीला ४० संज्ञांची यादी देते : 'व्हॉल्व्ह'ला 'झडप' म्हण, 'सील'ला 'सील'च ठेव. पहिली दहा-बारा पानं सगळं नीट होतं. पुढे हळूहळू 'झडप'चं 'व्हॉल्व्ह' होऊ लागतं. यादी तर सगळ्यात वर आहे. विक्रांत म्हणतात तसं वरचं विसरत नसेल, तर हे का होतं?

---

पाषाणकर | मंगळवार, दुपारी १:४५

गौरीताई, वरचं 'विसरत नाही' हे अर्धंच खरं आहे. अगदी सुरुवातीच्या टोकनांकडे या मॉडेलांचं लक्ष जास्त जातं हे खरं. मॉडेल डावीकडून उजवीकडे वाचतं, त्यामुळे पुढचा प्रत्येक शब्द सुरुवातीच्या शब्दांना बघू शकतो. पण तुमच्या यादीनंतर तीस पानांचं भाषांतर साचलं की लिहिण्याच्या क्षणी सगळ्यात जवळ काय असतं? त्याने स्वतःच लिहिलेली मागची पानं. त्यात एकदा 'व्हॉल्व्ह' घुसलं की ते जवळचं उदाहरण होतं आणि लांबची यादी हरते. यादी दर पाच-सहा पानांनी, नवीन मजकुराच्या खाली, पुन्हा द्या. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक प्रकरणासाठी नवं संभाषण उघडा.

---

तळजाई_सुलभा | मंगळवार, रात्री ८:२०

पाषाणकर, तुम्ही सांगितलं तसं केलं. मी पीडीएफमधला मजकूर निवडून चिकटवला होता. ३१(४) त्याने शब्दन् शब्द उतरवून दिलं. म्हणजे मजकूर त्याच्यासमोर होता. ते वाचून मला जास्तच वाईट वाटलं.

पण भलतीच गोष्ट सापडली. पान ६० ते ६३ वरचं काही उतरवायला सांगितलं तर काहीच नाही. बघते तर ती चार पानं स्कॅन केलेली आहेत, चिकटवताना ती गळलीच. आधीच्या सारांशात पार्किंगबद्दल 'उल्लेख नाही' आलं होतं. मी ते खरं मानून बसले होते.

---

पाषाणकर | मंगळवार, रात्री ९:३५

बघा, एकाच कागदात दोन्ही आजार निघाले. पार्किंगचा उपाय म्हणजे ती पानं टाइप करा किंवा अक्षरओळख करून घ्या. आता भाड्याकडे वळू.

यावर २०२३ मध्ये नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांचा 'लॉस्ट इन द मिडल' हा शोधनिबंध आला. प्रयोग साधा होता. एक प्रश्न आणि २० उतारे द्यायचे, त्यांतल्या एकाच उताऱ्यात उत्तर. तो उतारा कधी पहिला, कधी दहावा, कधी शेवटचा ठेवायचा, बाकी काही बदलायचं नाही. जीपीटी-३.५-टर्बोचे आकडे असे : उतारा पहिला असताना शंभरात सुमारे ७६ उत्तरं बरोबर, शेवटचा असताना ६३, आणि दहावा असताना ५४. एकही उतारा न देता नुसता प्रश्न विचारला तेव्हा ५६. म्हणजे उत्तर मध्ये पुरून दिल्यावर मॉडेल न दिल्यापेक्षाही वाईट वागलं. ते जुनं मॉडेल आहे, हे आकडे आजच्या मॉडेलला लावू नका. पण दोन टोकं उंच आणि मध्ये खड्डा, हा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तुमच्या बाबतीत तर करारानेच सापळा रचलाय. सुरुवातीला सर्वसाधारण नियम, शेवटी आकडे, आणि अपवाद मध्ये. दोन टोकांवरून पूर्ण वाटणारं उत्तर तयार होतं, मग मध्ये शोधायचं कारणच उरत नाही. उत्तर अर्धवट दिसलं असतं तर तुम्हालाही शंका आली असती.

म्हणून क्रम उलटा करा. करार आधी, सूचना आणि प्रश्न सगळ्यात शेवटी. प्रश्नही असा विचारा की उत्तराआधी त्याला कलमं उतरवावी लागतील. असं :

```
<document>
...करारनाम्याचा पूर्ण मजकूर...
</document>

प्रश्न: घर रिकामे केल्यापासून भाडे किंवा विस्थापन
भरपाई किती महिने मिळेल?
१. आधी या विषयाची सर्व कलमे क्रमांकासह शब्दशः
   उतरव. अपवाद, मर्यादा आणि "च्या अधीन राहून"
   असा उल्लेख असलेली कलमेही घे.
२. मग फक्त त्या उताऱ्यांवरून मराठीत उत्तर लिही.
```

पहिल्या पायरीमुळे पान ५२ वरचं वाक्य उचलून मजकुराच्या शेवटाशी येतं. उत्तर लिहिताना ते मध्ये राहत नाही, अगदी शेजारी असतं. सगळं बळ या पायरीत आहे. आणि ११ सूचना देऊन वर एका वेळी ११ विषय विचारू नका. एक विषय, एक फेरी.

---

विक्रांत_बाणेर | बुधवार, सकाळी ९:०५

मी परवा जरा घाईत लिहिलं, मान्य. पण ओपनएआयने एप्रिल २०२५ मध्ये जीपीटी-४.१ साठी काढलेलं मार्गदर्शन वाचा. त्यात लिहिलंय की लांब मजकूर असेल तर सूचना वर आणि खाली दोन्हीकडे ठेवा, आणि एकदाच ठेवायच्या असतील तर मजकुराच्या वर ठेवणं जास्त चांगलं. तुम्ही नेमकं उलट सांगताय. मग दोन्हीकडे लिहा आणि विषय संपवा, नाही का?

---

पाषाणकर | बुधवार, दुपारी १२:५०

बरोबर वाचलंत. आणि अँथ्रॉपिकचं मार्गदर्शन याच्या उलट आहे : लांब कागदपत्रं वर, प्रश्न शेवटी. दोघांनी आपापल्या मॉडेलवर तपासून लिहिलंय, त्यामुळे कुणाला खोटं ठरवायचं कारण नाही. सगळ्या मॉडेलना लागू पडेल अशी एक जागा नाही, एवढाच याचा अर्थ.

वर लिहिण्याला एक खरं कारण आहे. मॉडेल करार वाचतं तेव्हा प्रत्येक शब्दाला फक्त आधीचं दिसतं. प्रश्न खाली असेल तर पान ५२ वाचलं जाताना प्रश्न काय आहे हे त्याला ठाऊकच नसतं. प्रश्न वर असेल तर ते काय शोधायचंय हे जाणून वाचतं. लिऊंच्या निबंधात हेही तपासलंय. प्रश्न मजकुराच्या आधी आणि नंतर असा दोनदा दिला, तेव्हा नुसता एखादा क्रमांक देऊन त्याची जोडी शोधायच्या कामात जवळजवळ सगळं बरोबर आलं. पण २० उताऱ्यांतून उत्तर काढायच्या कामात फारसा फरक पडला नाही. दोनदा लिहिण्याने शोधणं सुधारतं. कलम ८ आणि कलम ३१ एकत्र वाचून निष्कर्ष काढणं त्याने सुधारेलच असं नाही. म्हणून 'विषय संपवा' इतकं सोपं नाही.

मी स्वतः असं करतो : वर दोन ओळी, कागद कुठला आणि त्यातून काय शोधायचंय. मग कागद. मग सविस्तर सूचना आणि प्रश्न. एकाच करारावर वीस प्रश्न विचारायचे असतील आणि तुम्ही एपीआय, म्हणजे प्रोग्राममधून मॉडेल वापरायची सोय, वापरत असाल, तर मात्र वरच्या ओळी सर्व प्रश्नांना सारख्याच ठेवा. सुरुवातीचा भाग अक्षरशः तोच असला तरच साठवलेलं वाचन पुन्हा वापरलं जातं आणि खर्च कमी होतो. वरचा एक शब्द बदलला तरी तिथून पुढचं सगळं नव्याने मोजलं जातं.

---

तळजाई_सुलभा | गुरुवार, रात्री १०:३०

आज सुट्टी काढून बसले. भाड्याचा प्रश्न घेतला आणि प्रत्येक मांडणी दहादा, दर वेळी नवीन संभाषणात करून बघितली. वहीत नोंद केली आहे.

सूचना वर आणि करार खाली, म्हणजे माझी आधीची पद्धत : २४ महिन्यांची मर्यादा दहापैकी ३ वेळा आली. करार वर आणि तोच प्रश्न खाली : ६ वेळा. करार वर, खाली आधी कलमं उतरवायची पायरी : ९ वेळा. वर दोन ओळी जोडूनही ९ च.

मग जागेमुळेच होतंय का, हे पाहायला पाषाणकरांच्या त्या निबंधासारखं केलं. कलम ३१(४) कापून कराराच्या अगदी सुरुवातीला ठेवलं आणि माझी जुनीच पद्धत वापरली : ८ वेळा. शेवटच्या परिशिष्टाच्या खाली ठेवलं : ७ वेळा. वाक्य तेच, फक्त जागा बदलली.

दहा वेळा म्हणजे फार नाही, कल्पना आहे. पण माझ्यापुरतं दिसलं. आता खटकतंय ते ९ वेळा बरोबर आलेल्या पद्धतीतलं दहावं उत्तर. तिथे त्याने कलम ८ आणि परिशिष्ट उतरवलं, ३१ उतरवलंच नाही, आणि पुन्हा ठामपणे 'ताबा मिळेपर्यंत' लिहिलं. एकदाच चुकलं, पण सभासदांच्या हातात नेमकं तेच गेलं असतं तर?

---

गौरी_भाषांतर | शुक्रवार, सकाळी ८:१५

सुलभाताई, कलम ३१(४) मध्ये इंग्रजीत कुठला शब्द आहे? भाड्याला सरळ 'रेंट' म्हटलंय की वेगळं काही? माझ्या कामात असं होतं. पुस्तिकेत एकाच भागाला दोन नावं असली की ते हमखास घसरतं.

---

तळजाई_सुलभा | शुक्रवार, सकाळी ८:४०

गौरी, बरोबर पकडलंस! कलम ८ आणि परिशिष्टात 'रेंट' आहे. ३१(४) मध्ये 'डिस्प्लेसमेंट कॉम्पेन्सेशन' आहे, 'रेंट' हा शब्दच नाही. दोन्ही एकच आहेत हे पान ४ वरच्या व्याख्येत लिहिलंय. पाषाणकरांनी नमुन्यात 'विस्थापन भरपाई' घातलं होतं. मी पहिल्या दोन पद्धतींत नुसतं 'भाडे' लिहिलं होतं. म्हणजे माझी तुलना तितकी स्वच्छ नाही.

---

पाषाणकर | शुक्रवार, दुपारी २:१०

हे प्रामाणिकपणे सांगितलंत ते फार चांगलं केलंत. ३ वरून ९ पर्यंतच्या उडीतलं काही श्रेय शब्दाला जातं, नुसतं जागेला नाही. शब्द तोच ठेवून पहिल्या दोन पद्धती पुन्हा करा, मग कळेल किती.

गौरीताईंचा मुद्दा मोठा आहे. लांब मजकुरात एक वाक्य लपवून ते शोधायला लावायच्या चाचण्यांत नवी मॉडेलं जवळजवळ पूर्ण गुण घेतात, आणि विक्रांतसारखे लोक त्यावरून प्रश्न सुटला असं मानतात. पण तिथे प्रश्नातले शब्दच लपवलेल्या वाक्यात असतात. २०२५ मध्ये अडोबीच्या संशोधकांनी 'नोलिमा' नावाची चाचणी केली. तिच्यात प्रश्न आणि वाक्य यांत सामाईक शब्द जवळजवळ ठेवले नाहीत, अर्थावरून जोडायला लावलं. मजकूर लांबत गेला तशी बहुतेक मॉडेलं चांगलीच घसरली. तुमचा करार अगदी तसा आहे. शिवाय तुम्ही मराठीत विचारताय आणि करार इंग्रजी. म्हणून आधी व्याख्यांचं प्रकरण वेगळं देऊन प्रत्येक विषयाला करारात कुठकुठले शब्द वापरलेत त्याची यादी करून घ्या, आणि ते इंग्रजी शब्द प्रश्नात घाला.

दहाव्या उत्तराचं म्हणाल, तर मांडणीने ते शून्यावर येणार नाही. इतक्या महत्त्वाच्या कागदाला मी ९४ पानं एकदम देणारच नाही. करार दहा-दहा पानांत तोडा, कलमाच्या मध्ये तोडू नका. प्रत्येक तुकड्याला एकच काम द्या : 'भाडे, भरपाई, मुदत, उशीर यांबद्दलचं प्रत्येक वाक्य क्रमांकासह उतरव.' तुकडा लहान असला की मध्यही लहान होतो. दहा तुकड्यांतून जमलेली कलमं दोन-तीन पानांत मावतील. उत्तर त्या दोन-तीन पानांवरून लिहून घ्या. प्रत्येक तुकड्यासोबत व्याख्यांचं पान जोडायला विसरू नका, नाहीतर ३१(४) पुन्हा निसटेल.

---

विक्रांत_बाणेर | शुक्रवार, दुपारी ३:००

पण तोडल्यावर कलम ८ एका तुकड्यात आणि ३१ दुसऱ्यात. 'अधीन राहून' हे नातं तुटलं ना?

---

पाषाणकर | शुक्रवार, दुपारी ३:२५

तुटतं. म्हणून तुकड्यांत अर्थ लावायला सांगायचं नाही, फक्त उतरवायला सांगायचं. नातं शेवटच्या फेरीत, दोन्ही कलमं शेजारी आल्यावर जुळतं. एखाद्या कलमाने दुसऱ्याचा नुसता क्रमांक दिला असेल आणि ते दुसरं कलम उताऱ्यांत आलं नसेल, तर ते हाताने आणून ठेवावं लागतं. याला चांगला पर्याय मला अजून सापडलेला नाही. कुणी केलं असेल तर जरूर लिहा.

---

तळजाई_सुलभा | रविवार, संध्याकाळी ६:५०

तोडून केलं. दहा तुकडे, व्याख्यांचं पान प्रत्येकाला. भाडे आणि मुदत या विषयावर १७ वाक्यं जमली. ३१(४) आलं. शिवाय कलम ४४ आलं, जे मी आणि काकांनी दोघांनीही या विषयाशी जोडलं नव्हतं : नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारी परवानगीला उशीर झाला तर विकासकाची बांधकामाची मुदत वाढते. भरपाईचे २४ महिने वाढतात असं मात्र कुठेही नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर लगेच दिसलं. वकिलांना फोन केला, ते उद्या बघतो म्हणाले.

'भाडे' हा शब्द बदलून पहिल्या दोन पद्धती पुन्हा केल्या : आता ५ आणि ७. म्हणजे शब्दाने दोन गुण आणि एक गुण दिला, बाकीचं मांडणीचं असावं.

---

उदय_पर्वती | रविवार, संध्याकाळी ७:३०

सुलभाताई, आता समजलं तुम्ही काय करत होता. एक विचारतो, त्या गळलेल्या ६० ते ६३ पानांवर काय निघालं?

---

तळजाई_सुलभा | रविवार, संध्याकाळी ७:४२

पार्किंगचा तक्ता, काका. कालच टाइप केला. चोवीसपैकी नऊ जणांना यांत्रिक पार्किंगमधला वरचा मजला आहे, आणि त्या नऊ जणांत तिसऱ्या मजल्यावरचे काकाही आहेत. हे मी त्यांना उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे.